खोली सोडली, बिल भरलं, मग पैसे कुठे अडकले? कार्डावरच्या अनामतीची पार्श्वभूमी

वेरूळ-अजिंठा बघायला आलेलं कुटुंब छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलातली खोली सोडतं. बिल चुकतं होतं, पावती मिळते. तरीही खात्यातले काही हजार रुपये वापरता येत नाहीत. हॉटेल म्हणतं, आमच्याकडे पैसे आलेलेच नाहीत. बँक म्हणते, हॉटेलने अडवलेत. दोघंही खरं बोलत असतात, आणि याचं कारण समजून घ्यायला पन्नास वर्षं मागं जावं लागतं.

मराठवाड्यात अनामत नवी नाही. तुळजापूर, परळी, नांदेडला देवदर्शनासाठी मुक्काम करणाऱ्यांना ती चांगली ओळखीची आहे. खोली घेताना भाड्याच्या वर थोडी रोख रक्कम काउंटरवर ठेवायची आणि किल्ली परत दिली की ती मोजून घ्यायची. हा व्यवहार दोन माणसांत होतो आणि दोघांसमोरच मिटतो. कार्डावरच्या अनामतीत मात्र चार पक्ष असतात: पाहुणा, हॉटेल, हॉटेलला स्वाइप मशीन देणारी बँक आणि पाहुण्याची बँक. या दोन बँकांना जोडणारं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं जाळं वेगळंच. किल्ली परत दिल्याची बातमी या साखळीतून पुढं गेली तरच पैसे मोकळे होतात.

कार्डं आली तेव्हा ही साखळी कागदाची होती. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला, 1958 साली कॅलिफोर्नियात बँक ऑफ अमेरिकाचं कार्ड आलं. हॉटेलवाला पाहुणा येताच कार्डाचा ठसा कोऱ्या स्लिपवर उमटवून घ्यायचा आणि रक्कम खोली सोडताना भरायचा. आपल्याकडे या ठसा उमटवणाऱ्या यंत्राला ‘झिप-झॅप’ म्हणत. तेव्हाच्या औरंगाबादेत लेण्या पाहायला येणाऱ्या विदेशी पर्यटकांमुळे मोठ्या हॉटेलांना या स्लिपांची सवय होती. यात हॉटेलचा धोका उघड होता. पाहुणा चार दिवस राहून निघून गेला आणि त्याच्या कार्डाची मर्यादा आधीच संपलेली निघाली, तर हातात फक्त कागद उरायचा. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर फोन करून बँकेची मंजुरी घ्यायची पद्धत होती, पण प्रत्येक फोनला वेळ जायचा.

1973 साली व्हिसाच्या पूर्वसुरी संस्थेने ‘बेस वन’ ही मंजुरीची संगणकीय यंत्रणा सुरू केली. वर्षभराने पैशांचा प्रत्यक्ष हिशेब मिटवणारी ‘बेस टू’ आली. आजची सगळी भानगड या दोन नावांच्या मधल्या जागेत आहे. मंजुरी हा एक संदेश झाला आणि वसुली हा दुसरा. मंजुरीचा संदेश काही सेकंदांत पाहुण्याच्या बँकेकडे जातो आणि बँक तेवढी रक्कम बाजूला धरते. वसुलीचा संदेश नंतर, सहसा दिवसाअखेरच्या हिशेबातून जातो आणि पैसे खरोखर तेव्हाच हलतात. किराणा दुकानात या दोन्हींतलं अंतर एखाद्या दिवसाचं असतं. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीत अंतिम रक्कम आधी माहीतच नसते, म्हणून तिथं हे अंतर मुद्दाम लांबवलं गेलं. आधी अंदाजाने मंजुरी घ्यायची, बिल शेवटी करायचं. यालाच काउंटरवर ‘प्री-ऑथ’ म्हणतात.

ही रचना क्रेडिट कार्डासाठी झाली होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक लाखाच्या मर्यादेतले बारा हजार दहा दिवस अडकले तर बहुतेकांना कळतही नाही, कारण तो पैसा त्यांचा नसतो, वापरला नसल्याने त्यावर व्याजही लागत नाही. भारतात सेंट्रल बँकेने 1980 साली क्रेडिट कार्ड आणलं, तेव्हाही ते थोड्यांच्याच खिशात होतं. पुढं डेबिट कार्ड आलं. 2012 साली रुपे आलं, 2014 पासून जनधन खात्यांबरोबर ते खेड्यापाड्यांत पोहोचलं, आणि नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतर तालुक्याच्या गावीही स्वाइप मशीन दिसू लागलं. यंत्रणा तीच राहिली, पण आता अडवली जाणारी रक्कम पगाराची, सोयाबीनच्या पट्टीची, घरखर्चाची झाली.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा, लातूरचं एक कुटुंब दोन रात्रींसाठी संभाजीनगरला उतरलं. कर धरून खोलीचं भाडं दिवसाला 4,000. हॉटेलने जेवण, कपडे धुणं वगैरेसाठी दिवसाला आणखी 2,000 धरले आणि डेबिट कार्डावर 12,000 ची प्री-ऑथ केली. खात्यात 19,500 होते. पासबुकातली शिल्लक तेवढीच दिसेल, पण वापरता येणारी शिल्लक 7,500 वर आली. (काही बँका अशी रक्कम नुसती अडवून न ठेवता थेट नावे टाकलेली दाखवतात आणि सुटली की जमा दाखवतात. त्यामुळे मेसेज वाचून ‘पैसे गेले’ असं वाटणं साहजिक आहे.)

तिसऱ्या दिवशी बिल झालं 9,350. इथं काउंटरवरच्या माणसापुढं दोन वाटा असतात. मशीनमध्ये ‘कम्प्लीशन’चा पर्याय निवडून, पहिल्या दिवशीच्या स्लिपवरचा मंजुरी क्रमांक टाकून त्याच प्री-ऑथवर 9,350 वसूल करायचे, ही बरोबर वाट. वसुलीचा संदेश जुन्या मंजुरीशी जुळतो, अडवलेल्या बारा हजारांतून बिल वळतं होतं आणि उरलेले 2,650 मोकळे व्हायला रस्ता मिळतो. हे 2,650 परतावा म्हणून येत नाहीत, त्यांच्यावरची अडवणूक उठते. म्हणून ‘रिफंड’ची नोंद शोधत बसू नये.

दुसरी वाट घाईची. काउंटरवर पाळी बदललेली असते, पहिली स्लिप सापडत नाही, मग ‘सेल’ दाबून कार्ड नव्याने स्वाइप केलं जातं. आपल्या उदाहरणात हा व्यवहार नाकारला जाईल, कारण वापरता येणारे फक्त 7,500 आहेत आणि मागितलेत 9,350. खात्यात पैसे असूनही कार्ड चालत नाही, पाहुणा ओशाळतो आणि मुलाला फोन करून त्याच्या यूपीआयवरून बिल भरतो. बिल मिटतं, पण बारा हजारांची जुनी मंजुरी तशीच उघडी राहते. तिला जुळणारी वसुली आता कधीच येणार नाही, आणि हे पाहुण्याच्या बँकेला कळायचा मार्गही नाही. शिल्लक जास्त असती तर नवा व्यवहार चालून गेला असता आणि एकाच मुक्कामाचे 21,350 अडकले असते. दोनदा पैसे कापल्याची तक्रार बऱ्याचदा अशी जन्माला येते.

मग ही उघडी मंजुरी सुटते कधी? सुटायला दोनच कारणं असतात. पहिलं, हॉटेलने ती रद्द केल्याचा संदेश पाठवला. कार्डजाळ्यांचे नियम दुकानदाराला सांगतात की व्यवहार रद्द झाला किंवा कमी रकमेवर मिटला, तर उरलेली मंजुरी 24 तासांत मोकळी करावी. दुसरं, कोणी काहीच केलं नाही आणि मुदत संपली. साध्या दुकानी व्यवहाराची मंजुरी आठवड्याच्या आसपास शिळी होते. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीला मात्र व्हिसा, मास्टरकार्ड सुमारे 30 दिवस देतात, कारण मुक्काम लांबू शकतो. पाहुण्याची बँक स्वतःच्या नियमाने त्याआधी सोडू शकते, आणि बऱ्याच बँका आठवडा-दहा दिवसांत सोडतातही. पण ती मुदत प्रत्येक बँक आपली ठरवते. म्हणून एकाच हॉटेलात उतरलेल्या दोन भावांचे पैसे वेगवेगळ्या दिवशी सुटू शकतात. हॉटेलने त्यात काही वेगळं केलेलं नसतं.

गाडी भाड्याने घेतली असेल तर कंपनीला रक्कम धरून ठेवायला आणखी एक कारण मिळतं. फास्टॅगचा टोल, ओरखड्याची दुरुस्ती, वाहतूक पोलिसांचं ई-चलन या गोष्टी गाडी परत केल्यावर काही दिवसांनी समोर येतात. म्हणून गाडी देतानाच ‘अनामत कशातून घेणार आणि कोणत्या दिवशी मोकळी करणार’ हे लेखी घ्यावं. मशीनवर प्री-ऑथची सोय नसेल तर काही ठिकाणी अनामत सरळ ‘सेल’ म्हणून कापतात किंवा यूपीआयवर घेतात. तेव्हा पैसे खरोखर समोरच्याच्या खात्यात गेलेले असतात. ते आपोआप सुटत नाहीत, समोरच्याने परत पाठवावे लागतात.

रक्कम अडवून ठेवायची आणि हलवायची नाही, ही कल्पना आपल्या नियामकांना परकी नाही. सेबीने 2008 साली शेअरविक्रीच्या अर्जांसाठी ‘आस्बा’ आणली. त्यात पैसे अर्जदाराच्या खात्यातच अडवलेले राहतात, त्यांवर बचत खात्याचं व्याज चालू राहतं, आणि शेअर मिळाले नाहीत तर ते कधी सोडायचे याचं वेळापत्रक सेबीने बांधून दिलं. हॉटेलच्या प्री-ऑथला इतकं बांधीव सरकारी वेळापत्रक मिळालेलं नाही, ते मिळायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा आदेश लोक इथं हमखास पुढं करतात. दुकानात कार्डाचे पैसे कापले गेले पण दुकानदाराला मंजुरी पोहोचली नाही, तर पाच दिवसांत रक्कम परत आणि त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा तो आहे. पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. प्री-ऑथ यशस्वी झालेली असते, त्यामुळे त्या आदेशाच्या आधारे केलेली मागणी बँक सहज बाजूला सारते.

वादाची वेळ आली तर उपयोगी पडते ती पहिल्या दिवशीची छोटी स्लिप. तिच्यावर ‘PRE AUTH’ असं छापलंय का ते पाहावं, मंजुरी क्रमांक आणि ‘RRN’ म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक यांचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने फिकी होतात. खोली सोडताना बिल दुसऱ्या मार्गाने भरणार असाल, तर प्री-ऑथ ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द करून त्याची स्लिप तिथंच मागावी. ती मिळाल्यावरही चार-पाच कामाच्या दिवसांत रक्कम सुटली नाही, तर हॉटेलकडून मंजुरी क्रमांक, रक्कम आणि ‘यावर वसुली करणार नाही’ असं लिहिलेलं पत्र किंवा ईमेल घेऊन ते बँकेला द्यावं. नुसत्या फोनवर बँक मंजुरी उचलत नाही, कारण उचलल्यावर हॉटेलने वसुली पाठवली तर तोटा तिच्या अंगावर येतो. हॉटेलच्या लेखी नकाराने ती भीती जाते. तक्रारीचा क्रमांक घेऊन 30 दिवस झाले आणि बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिथं शुल्क लागत नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख मात्र द्यावी लागते, आणि व्हॉइडची स्लिप असेल तर तीही जोडावी.