लंगर (शीख सामुदायिक भोजन)

गुरुद्वाराला जोडून चालणारे विनामूल्य सामुदायिक स्वयंपाकघर, तेथील अन्न आणि ते पंगतीत बसून खाण्याची पद्धत या तिन्हींना शीख समाजात ‘लंगर’ म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः पंगतीतील समतेच्या प्रत्यक्ष आचरणाविषयी आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः लंगरचा प्रारंभ गुरू नानकांकडे नेला जातो. त्यांनी सुमारे १५२० नंतर करतारपूर वसवले. तेथे शिष्य शेती करून एकत्र जेवत. काही अभ्यासक मात्र पंजाबातील खानकाहांच्या म्हणजे सूफी मठांच्या, विशेषतः पाकपट्टणच्या बाबा फरीदांच्या परंपरेतील अन्नदानाकडे बोट दाखवतात, तर काही नाथपंथी भंडाऱ्याकडे. खानकाहात येणाऱ्या कोणालाही अन्न मिळे, हे खरे. परंतु सर्वांनी एका ओळीत बसून जेवण्याचे बंधन हे लंगरचे वेगळेपण दिसते. त्यामुळे अन्नदानाची कल्पना प्रदेशातील जुन्या वहिवाटीतून आणि पंगतीचा नियम गुरूंच्या घडणीतून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लिखित पुराव्यांत दुसरे गुरू अंगद यांच्या काळाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या बलवंड व सत्ता यांच्या ‘रामकली की वार’ या रचनेत अंगदांच्या पत्नी माता खीवी यांचे नाव लंगरसंदर्भात येते, आणि तेथे वाढल्या जाणाऱ्या तुपाच्या खिरीचेही वर्णन आहे. तिसरे गुरू अमरदास (गुरुपदाचा काळ १५५२–७४) यांनी गोइंदवाल येथे ‘पहिले पंगत, पाछे संगत’ असा दंडक घातला, असे परंपरा सांगते: गुरूंच्या दर्शनाआधी पंगतीत जेवायचे. अकबरही तेथे पंगतीत बसला, ही कथा उत्तरकालीन शीख साधनांतून येते. ‘अकबरनाम्या’त नोंद आहे ती १५९८ मधील गुरू अर्जन यांच्या भेटीची.

हा नियम कोणत्या रूढीला छेद देत होता, हे अन्नाच्या प्रकारावरून कळते. उत्तर भारतातील जातिव्यवहारात अन्नाचे ‘पक्के’ व ‘कच्चे’ असे भेद होते. तुपात तळलेली पुरी पक्की. ती अनेक जातींच्या हातून चाले. पाण्यात शिजवलेली डाळ आणि तव्यावरची रोटी कच्ची. ती सहसा आपल्या वा वरच्या मानलेल्या जातीच्या हातचीच घेतली जाई. लंगरचे रोजचे जेवण नेमके डाळ-रोटीचे असते आणि ते कोणीही शिजवतो. रोटीला तेथे ‘प्रशादा’ म्हणतात. ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. म्हणून ओळीत बसण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शिजवणाऱ्याचा हात निर्णायक ठरतो.

आचरण तत्त्वामागे किती पडू शकते, हे अमृतसरच्या हरिमंदिरातील १२ ऑक्टोबर १९२० च्या घटनेवरून दिसते. ‘खालसा बिरादरी’ या संघटनेने शीख धर्मात घेतलेले दलित कडाह प्रसाद म्हणजे तुपातला शिरा घेऊन तेथे गेले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद स्वीकारण्यास व त्यांच्यासाठी अरदास म्हणजे प्रार्थना करण्यास नकार दिला. हा प्रसाद लंगरचा नव्हता आणि तुपात केलेला होता. तरीही हात आडवा आलाच. अखेर गुरू ग्रंथसाहिबाचा हुकूम घेण्याचे, म्हणजे ग्रंथ उघडून निघेल ते वचन मानण्याचे ठरले. निघालेल्या वचनाचा आशय होता: जे गुणहीन आहेत त्यांनाही तो स्वतः क्षमा करून सद्गुरूच्या सेवेला लावतो. प्रसाद स्वीकारला गेला, पुजारी हरिमंदिरासमोरील अकाल तख्त हे शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ सोडून गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली.

समितीने १९४५ मध्ये संमत केलेल्या ‘सिख रहत मर्यादा’ या आचारसंहितेत देश, वर्ण, जात व धर्म यांवरून पंगतीत भेद करण्यास मनाई आहे. त्याच नियमाला जोडून एका थाळीत मात्र अमृतधारी म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांनीच एकत्र जेवावे, असेही म्हटले आहे. म्हणजे सीमा नाहीशी होत नाही. जन्माऐवजी ती दीक्षेवर येते.

जमिनीवर बसणे हे समतेचे सार की केवळ तिचे रूप, हा वाद कॅनडात तीव्र झाला. ब्रिटिश कोलंबियातील काही गुरुद्वारांत टेबल-खुर्च्यांवर लंगर होत असे. जानेवारी १९९७ मध्ये सरे येथील गुरुद्वारात यावरून हाणामारी झाली, आणि एप्रिल १९९८ मध्ये अकाल तख्ताने जमिनीवरच बसण्याचा आदेश काढला. तो न मानणाऱ्या काही पुढाऱ्यांना पंथाबाहेर काढण्यात आले. सर्वांनाच खुर्ची मिळत असेल तर भेद कोठे उरला, हा खुर्चीवाल्यांचा युक्तिवाद होता. तो तर्काला धरून आहे. पण जमिनीवर सर्वांची उंची आपोआप एक होते, हे विरोधकांचे म्हणणेही डावलता येत नाही.

पंजाबातील अनेक गावांत जाट आणि मजहबी व रविदासी हे दलित समाज यांचे गुरुद्वारे आणि स्मशाने वेगळी आहेत. त्या प्रत्येक गुरुद्वारात लंगर खुलाच असतो. मात्र तेथे रोज जेवायला व रांधायला मुख्यतः त्या त्या वस्तीतीलच लोक येतात.