लास्ट कॉमिक स्टँडिंग : परीक्षणाच्या फेऱ्या आणि विजेत्याची निवड

‘लास्ट कॉमिक स्टँडिंग’ ही अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरची स्टँड-अप विनोदवीरांची स्पर्धा. २००३ ते २०१५ या काळात, मध्ये खंड पडत, तिची नऊ पर्वे झाली. विनोदाच्या स्पर्धेत विजेता नेमका कोणी ठरवायचा, हा प्रश्न या कार्यक्रमाने निरनिराळ्या पद्धतींनी सोडवून पाहिला. समोर बसलेले प्रेक्षक, सहस्पर्धक, नामवंत परीक्षक, घरी टीव्ही पाहणारे आणि पडद्यामागचे निर्माते या सर्वांच्या हाती कधी ना कधी निकालाची दोरी आली. म्हणून अशा स्पर्धा समजून घ्यायच्या तर हे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे.

पहिल्या पर्वांचा साचा असा होता. शहरोशहरी चाचण्या होत. तिथे स्पर्धकाला अगदी थोडा वेळ मिळे आणि समोर हसणारे प्रेक्षक नसत, फक्त निवड करणारे दोनतीन जण असत. त्यातून निवडलेले विनोदवीर उपांत्य फेरीत भरल्या सभागृहापुढे उभे राहत. मग दहा जणांची निवड होई आणि ते दहा जण कॅमेऱ्यांच्या नजरेखाली एका घरात राहायला जात. सूत्रसंचालक जे मोहर स्वतः स्टँड-अप करणारे होते आणि कार्यक्रमाच्या निर्मात्यांपैकीही एक होते.

घरात आल्यावर होणारी बाद फेरी हा या कार्यक्रमाचा खरा शोध. प्रत्येक स्पर्धक एकट्याने कॅमेऱ्यापुढे जाऊन ‘मी अमक्यापेक्षा जास्त विनोदी आहे, हे मला ठाऊक आहे’ असे म्हणून एक नाव घेई. ज्याचे नाव सर्वाधिक वेळा आले, त्याला मंचावर उतरावे लागे. मात्र आपला प्रतिस्पर्धी त्याने स्वतः निवडायचा, आणि तोही त्याचे नाव घेणाऱ्यांमधूनच. मग दोघांनी प्रेक्षकांपुढे आपापला सेट, म्हणजे सलग विनोदी सादरीकरण, सादर करायचा, प्रेक्षकांनी मत द्यायचे आणि हरणाऱ्याने घर सोडायचे.

या नियमातली मेख आकड्यांतून लगेच दिसते. समजा, घरात आठ जण उरले आहेत आणि त्यांतल्या पाच जणांनी एकाच स्पर्धकाचे नाव घेतले. वरवर पाहता तो एकटा पडला. पण आता पाचांपैकी सर्वांत कच्चा कोण, हे तो ठरवणार. उलट त्याचे नाव फक्त दोघांनी घेतले असते आणि तरी तेच सर्वाधिक ठरले असते, तर निवडीला वाव फक्त दोघांत उरला असता. म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्याला कोंडीत पकडायचे ठरवले, तर त्याच्याच हातात जास्त पत्ते जात. शिवाय कमजोर समजून कुणाचे नाव घेणे हेही धोक्याचेच, कारण नाव घेतले की तुम्ही त्याच्या निवडीच्या यादीत आलात. सहस्पर्धकांचा अंदाज आणि सभागृहाचा कौल यांतले अंतर या फेरीत उघड होई, आणि माझ्या मते परीक्षणाची इतकी प्रामाणिक पद्धत अशा कार्यक्रमांत क्वचितच सापडते.

याचे ठळक उदाहरण २००८ च्या सहाव्या पर्वातले. इलायझा श्लेसिंगर हिला सहस्पर्धकांनी दोनदा बाद फेरीत ओढले आणि दोन्ही वेळा ती जिंकून परतली. पुढे तीच त्या पर्वाची विजेती ठरली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री आणि तोवरची सर्वांत तरुण विजेती. घरातल्यांना जी सोपी वाटली, ती प्रेक्षकांना तशी वाटली नव्हती.

परीक्षणाचे सर्वांत वादग्रस्त प्रकरण मात्र २००४ च्या दुसऱ्या पर्वातले आहे. उपांत्य फेरीच्या परीक्षकांत ड्रू कॅरी आणि ब्रेट बटलर ही नामवंत विनोदी मंडळी होती. अंतिम दहांची नावे जाहीर झाली तेव्हा हे दोघे चकित झाले, कारण त्यांनी ज्यांना मते दिली होती त्यांच्याशी ही नावे जुळत नव्हती. सभागृहात जोरदार दाद मिळवलेला डॅन नॅटरमन यादीत नव्हता. या निकालाशी आपला संबंध नाही, असे दोघांनीही पुढे उघडपणे सांगितले. मग कळले ते असे, की पडद्यावर दिसणाऱ्या परीक्षकांची मते हा निवडीचा एक भागच होता आणि निर्मात्यांचा शब्दही त्यात मोजला जात होता. दहा जण एका घरात राहणार असल्याने निर्मात्यांना स्वभावांचे मिश्रण हवे असणार, हे समजण्यासारखे आहे. पण मग परीक्षकांना खुर्चीत बसवून निकाल त्यांचाच असल्याचे भासवणे हा स्पर्धक आणि प्रेक्षक दोघांवरही अन्याय होता.

शेवटचा विजेता सुरुवातीच्या पर्वांत घरबसल्या प्रेक्षकांच्या मतांनी ठरे. या पद्धतीलाही मर्यादा आहे. सभागृहातला माणूस पूर्ण सेट ऐकतो, तर घरचा प्रेक्षक संकलनानंतर उरलेला सेट पाहतो. विनोदाची बांधणी करणारी सुरुवातीची वाक्ये कापली, तर शेवटी हशा पिकवणारी ओळ, म्हणजे पंच, लंगडी पडते. सावकाश रचत नेणाऱ्यापेक्षा एका ओळीत हसवणाऱ्याला हे संकलन जास्त मानवते.

विजेत्यांची नोंद करताना २००४ या वर्षाशी गोंधळ होतो, कारण त्या एका वर्षात दोन पर्वे आली. उन्हाळ्यातले दुसरे पर्व जॉन हेफ्रनने जिंकले आणि अलॉन्झो बोडन उपविजेता ठरला. लगेच सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात पहिल्या दोन पर्वांचे स्पर्धक एकमेकांविरुद्ध उभे केले गेले आणि या वेळी बोडन जिंकला. एनबीसीने हे पर्व मध्येच बंद केल्यामुळे अंतिम भाग कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर दाखवला गेला. त्यामुळे एनबीसीवरच पाहणाऱ्यांना विजेता कळलाच नाही. बाकीची नोंद सरळ आहे : २००३ मध्ये डॅट फॅन, २००६ मध्ये जॉश ब्लू, २००७ मध्ये जॉन रीप, २०१० मध्ये फेलिपे एस्पार्झा, २०१४ मध्ये रॉड मॅन आणि २०१५ मध्ये क्लेटन इंग्लिश. पहिल्या पर्वात डॅट फॅनच्या मागे राहिलेला राल्फी मे पुढे अमेरिकेत मोठे दौरे करणारा विनोदवीर झाला.

२०१४ च्या आठव्या पर्वात घरही नव्हते आणि घरबसल्या मतदानही नव्हते. निमंत्रित विनोदवीरांतून रोझॅन बार, कीनन आयव्हरी वेयन्स आणि रसेल पीटर्स या परीक्षकांनी निवड केली. सेट संपताच त्यावरची टीका स्पर्धकाच्या तोंडावर होऊ लागली आणि निकाल कोण देतो, याविषयी संशय उरला नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. २००५ च्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ या टीव्हीवरच्या विनोदी स्पर्धेत शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू परीक्षक होते. विजेता ठरला विदर्भातला सुनील पाल, पण राजू श्रीवास्तव विजेता नसूनही घराघरांत पोहोचला. ‘कॉमिकस्तान’ या स्टँड-अप स्पर्धेच्या २०१९ मधल्या दुसऱ्या पर्वात तर एकच विजेता निवडलाच गेला नाही, आकाश गुप्ता आणि समय रैना यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले.