माफीच्या साक्षीदाराला पुष्टी कशाची हवी? लाल किल्ल्यातल्या खटल्यातून दिसणारी पार्श्वभूमी

दिगंबर बडगे पुण्यात शस्त्र भांडार चालवायचा. लाल किल्ल्यात चाललेल्या गांधीहत्या खटल्यात तो आधी आरोपी होता. २१ जून १९४८ रोजी त्याला माफी मिळाली आणि तो सरकार पक्षाचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार झाला. मराठीत आपण अशा माणसाला माफीचा साक्षीदार म्हणतो. त्याच्या शब्दावर कोणाला किती शिक्षा देता येते, हा प्रश्न मात्र बडगेच्या आधी दीडशे वर्षांहून जुना होता.

जो स्वतः गुन्ह्यात सामील होता, त्याला साक्ष देऊ द्यावी का? १७८८ साली अ‍ॅटवूड आणि रॉबिन्स यांच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी याचं उत्तर हो असं दिलं. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षाही बेकायदा ठरत नाही, असंही त्यांनी म्हटलं. व्यवहारात मात्र न्यायाधीश ज्यूरीला सांगत राहिले की, दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर असल्या साक्षीवर विसंबू नका. स्वतःची मान वाचवायला माणूस दुसऱ्याची मान पुढे करतो, ही भीती त्यामागे होती.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात या दोन्ही गोष्टी आल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी. कलम १३३ सांगतं की साथीदार साक्ष द्यायला पात्र आहे, आणि केवळ पुष्टी नाही म्हणून शिक्षा बेकायदा होत नाही. कलम ११४ चं (ख) उदाहरण सांगतं की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी नसेल तर साथीदार अविश्वसनीय आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पहिलं कलम पात्रतेचं आहे, दुसरं वजनाचं. नवराबायकोतल्या किंवा वकील-अशिलातल्या बोलण्याला याच कायद्यात गुप्ततेचं संरक्षण आहे. कटातल्या साथीदारांच्या आपसातल्या बोलण्याला ते नाही. त्यामुळे बडगे जे ऐकलं ते सगळं न्यायालयात सांगू शकत होता. प्रश्न उरला तो वजनाचा.

आता त्याची साक्ष जवळून पाहू. २० जानेवारी १९४८ रोजी आपण इतरांसोबत बिर्ला भवनात गेलो होतो, असं त्याने सांगितलं. या भागाला आधार भरपूर होता. त्यांना तिथे नेणारा टॅक्सीचालक होता. मरीना हॉटेलची नोंदवही होती, तिच्यात गोडसे आणि आपटे यांनी देशपांडे या आडनावाने खोली घेतली होती. त्याच हॉटेलात धुवायला दिलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी खूण सापडली. बडगेला माफी मिळाली नसती तरी या गोष्टी जागच्या जागीच राहिल्या असत्या. पुष्टी म्हणतात ती याला.

सावरकरांविरुद्धचा भाग निराळा होता. १७ जानेवारीला गोडसे आणि आपटे सावरकर सदनात वर गेले, आपण खाली थांबलो, आणि उतरताना सावरकर त्यांना ‘यशस्वी होऊन या’ म्हणाले, असं बडगेने सांगितलं. चित्रपट अभिनेत्री शांताबाई मोडक यांनी १४ जानेवारीला गोडसे-आपटे यांना शिवाजी पार्कला आणून सोडल्याचं सांगितलं. १७ तारखेच्या टॅक्सीचालकाची साक्षही झाली. या साक्षी त्यांना घराच्या जवळ आणत होत्या, घराच्या आत नाही. वर काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नव्हतं. ते तीन शब्द कटाला उद्देशूनच होते, हेही बडगेखेरीज कशावरूनच सिद्ध होत नव्हतं.

विशेष न्यायाधीश आत्माचरण यांना बडगे सरळ बोलणारा साक्षीदार वाटला होता. तरीही सावरकरांविरुद्धचा खटला फक्त त्याच्या एकट्याच्या शब्दावर उभा आहे, त्यावरून निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही, असं त्यांनी ठरवलं. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले. गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली. या निकालावर आजही वाद झडतात, आणि दोन्ही बाजू बडगे खरं बोलला की खोटं एवढंच विचारतात. मला वाटतं, त्यात निकालाचा गाभाच सुटतो. साक्षीदार विश्वासार्ह वाटला तरी प्रत्येक आरोपीपुरती पुष्टी वेगळी शोधावी लागते. एका आरोपीबाबत मिळालेली पुष्टी दुसऱ्याच्या खात्यावर लिहिता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे ही शिस्त पक्की केली. १९५७ च्या सरवनसिंग खटल्यात न्या. गजेंद्रगडकर यांनी दुहेरी कसोटी मांडली: साक्षीदार मुळात भरवशाचा हवा, आणि तो तसा ठरला तरच पुष्टीकडे वळायचं. क्रम महत्त्वाचा आहे. खोट्या साक्षीला कितीही टेकू लावले तरी ती उभी राहत नाही. भिवा डोलू पाटील विरुद्ध महाराष्ट्र या निकालात कलम १३३ आणि ११४ एकत्र वाचायचे, हे स्पष्ट झालं.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आणि त्यात कलम १३३ च्या जागी कलम १३८ आलं आहे. जुन्या कलमातला ‘पुष्टी नसलेली साक्ष’ हा भाग त्यात नाही. पुष्टी मिळालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा नाही, एवढंच ते म्हणतं. जी गोष्ट दीडशे वर्षं न्यायाधीशांच्या सावधगिरीवर सोडलेली होती, ती आता कलमाच्या शब्दांत आली आहे. पुष्टी म्हणजे नेमकं काय, हे मात्र कलम सांगत नाही. त्यासाठी अजूनही हॉटेलची नोंदवही आणि धुण्याच्या कपड्यांवरच्या खुणांसारख्या गोष्टींकडेच जावं लागेल.