नडगी दुखतेय? आधी एका बोटाने दाबून बघा

कुणी नवीन पळायला लागलं आणि नडगी दुखली की उत्तर ठरलेलंच असतं, "शिन स्प्लिंट्स असतील रे, बर्फ लाव, होईल बरं." बऱ्याचदा ते बरोबरही निघतं आणि घोळ तिथेच होतो, कारण ज्याच्या हाडाला खरंच बारीक चीर पडत असते तोही बर्फ लावून पळत राहतो.

शिन स्प्लिंट्स म्हणजे नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात येणारं दुखणं, पळणं एकदम वाढवल्यावरचं. हे बहुतेकांना माहितीय. स्ट्रेस फ्रॅक्चरचं, म्हणजे हाडाला पडणाऱ्या त्या बारीक चिरेचं, कारणही तेच, वाढवलेला भार. हाड सतत थोडं झिजतं आणि भरून निघतं, पण भार अचानक वाढला की झीज पुढे जाते आणि भरणं मागे पडतं. म्हणून "मी तर पडलो नाही, फ्रॅक्चर कसं होईल" या वाक्याला काही अर्थ नाही.

आता मुद्दा. दोन्हींत दुखतं त्याच पट्ट्यात, त्यामुळे "कुठे दुखतं" या प्रश्नाने काही कळत नाही, विचारायचं असतं "किती लांबीत दुखतं". खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पोटरी सैल सोडा, आणि आतल्या बाजूला हाडाची जी कड लागते तिच्यावर घोट्यापासून वर एक-एक सेंटिमीटर दाबत जा. दुखेल तिथे पेनने खूण करा. खुणांचा पट्टा 5 सेंटिमीटर किंवा जास्त, म्हणजे साधारण तीन बोटांच्या रुंदीपेक्षा लांब झाला तर कल शिन स्प्लिंट्सकडे. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ जाते आणि वर-खाली दाबलं तर काहीच नाही, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा संशय घ्यायचा आणि पळणं त्याच दिवशी बंद.

यात लोक दोन चुका करतात. एक, हाडाऐवजी पोटरीचा स्नायू दाबतात आणि "सगळीकडेच दुखतंय" म्हणून निश्चिंत होतात. दुसरी जास्त फसवी, शिन स्प्लिंट्समध्येही एक जागा बाकीच्यांपेक्षा जास्त दुखते, ती सापडली की घाबरतात. सगळ्यात दुखरी जागा कुठली हे नाही बघायचं, तिच्या आजूबाजूचं हाड गप्प आहे का ते बघायचं.

वेळेचा हिशोबही बघा. शिन स्प्लिंट्स सुरुवातीला दुखतात, अंग गरम झालं की बऱ्याचदा कमी होतात आणि थांबल्यावर परत ठणकतात. चीर असली की पळता पळता दुखणं वाढतं आणि दर आठवड्याला ते आणखी लवकर सुरू होतं, मग चालतानाही आणि शेवटी रात्री पडल्या-पडल्याही.

माझा एक मित्र चार आठवडे आठवड्यातून तीनदा 3 किलोमीटर पळायचा, मग जोश आला आणि पाच दिवस 5 किलोमीटर, म्हणजे 9 वरून थेट 25. सहाव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली, तेव्हा पट्टा तळहाताएवढा होता. तो पळतच राहिला, दोन आठवड्यांत पट्टा आटून एक ठिपका उरला. "बघ, कमी झालं" म्हणाला. कमी नव्हतं झालं, एका जागी गोळा झालं होतं. एक्स-रे काढला, स्वच्छ आला, आणि साहेब परत पळायला!

याची मला खरंच चीड आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, कधी कधी नंतरही नाही. म्हणजे स्वच्छ एक्स-रेने शंका फिटत नाही, ठिपका दुखत असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारायचं. मित्राच्या एमआरआयमध्ये चीर दिसलीच.

आणि ठिपका आतल्या कडेऐवजी नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध असेल तर घरी थांबून वाट बघू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे. तिथे पाऊल टाकताना हाड ताणलं जातं, चीर सावकाश भरते, आणि दुर्लक्ष केलं तर हाड पूर्ण मोडू शकतं. बाईला पाळी अनियमित झाली असेल किंवा कुणी खाणं खूप कमी केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हाड भरायला लागणारं सामानच कमी पडत असू शकतं.

शिन स्प्लिंट्समध्ये बहुतेकदा अंतर कमी करून भागतं. चिरेला साधारण 6 ते 8 आठवडे पळणं शून्य लागतं, कधी जास्तही. मधल्या काळात पेनकिलर घेऊन पळून बघणारे मला अजिबात पटत नाहीत, इशारा देणारी एकमेव गोष्ट तुम्ही स्वतःच बंद करताय. मित्र पळणं बंद केल्यापासून नवव्या आठवड्यात परत उतरला, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं, आणि तेही आधी तो ठिपका दाबून, दुखत नाही याची खात्री केल्यावरच.