जुन्या मथळ्याचा टाईप कसा ओळखायचा: खिळ्यांच्या मागचा इतिहास

जुन्या वर्तमानपत्राचं स्कॅन दाखवून ‘हा फॉन्ट कोणता?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा एका नावात उत्तर देता येत नाही. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या ओतीव अक्षरांच्या काळात मराठी टाईप सहसा तो ओतणाऱ्या कारखान्याच्या, म्हणजे ओतशाळेच्या नावाने आणि आकाराने ओळखला जाई. आजच्या फॉन्टसारखं स्वतंत्र नाव त्याला क्वचितच असे. म्हणून टाईप कुठल्या वळणाचा आहे आणि कुठल्या पद्धतीने जुळवला आहे, एवढं आधी ठरवावं.

वळणाची गोष्ट बंगालमधून सुरू होते. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरं नव्याने घडवली. त्याच छापखान्यात लहानपणी शिकलेल्या जावजी दादाजींनी ओतशाळा काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू पंच, म्हणजे ज्यावरून अक्षराचा साचा उमटवतात ते पोलादी ठसे कोरत. निर्णयसागरचे खिळे देशभर गेले आणि ‘मुंबई वळण’ रूढ झालं. उत्तरेकडच्या जुन्या टाईपात ण हा ‘रा’सारखा, झ हा ‘भ’च्या अंगाने जाणारा आणि अ चा डावा भाग निराळा असे. मुंबईच्या अ, झ, ण यांची रूपं आज आपण लिहितो तशीच आहेत. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात आणि तो हिंदी ल पासून आजही वेगळा पडतो.

वळणाहून जास्त माहिती जुळणीतून मिळते. अखंड टाईपात ‘के’ किंवा ‘कु’ हा एकच ओतलेला खिळा असे. त्यामुळे खिळ्यांची संख्या फार वाढे आणि ते ठेवायची खणांची पेटी, म्हणजे केसही मोठी लागे. डिग्री टाईपात ओळ तीन मजल्यांत जुळवत: मधे अक्षरं, वर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, खाली उकार. खिळे कमी लागत, पण मजल्यांच्या सांध्याशी बारीक पांढरी फट राहण्याची शक्यता असे, आणि मात्रा अक्षरावरून किंचित सरके.

एक प्रसिद्ध मथळा घेऊ. 6 जुलै 1897 च्या ‘केसरी’तला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्या काळच्या लेखनात ‘चें’ आणि ‘डोकें’ यांवर अनुस्वार अपेक्षित आहे. आज उद्धृत करताना आपण तो गाळतो, म्हणून उताऱ्यावर विसंबू नये, मूळ स्कॅनच पाहावं. या मथळ्यात ल आणि झ नाहीत, उकार नाही आणि एकही जोडाक्षर नाही. म्हणजे वळणासाठी फक्त दोन साक्षीदार उरतात: ‘आहे’मधला आ आणि ‘ठिकाणावर’मधला ण.

पण र तीनदा आला आहे आणि ‘का’ही तीनदा. हे तिन्ही ‘का’ मोठे करून एकावर एक ठेवावेत. शाईचा फरक सोडता ते तंतोतंत जुळले, तर तो खिळा आहे. जाडी आणि वळण दर वेळी बदलत असेल, तर हाताने काढलेल्या अक्षरांचा ब्लॉक, म्हणजे छापायचा अखंड ठसा असण्याचा संशय घ्यावा. वर्तमानपत्रांची नावं आणि सजावटीची शीर्षकं पुष्कळदा अशी चित्रकाराकडून काढून घेत, आणि तिथे टाईप शोधण्यात अर्थ नसतो.

मग ‘चे’, ‘के’, ‘हे’ यांच्या मात्रा पाहाव्यात. तिन्ही मात्रा एकाच तिरकसपणाच्या आणि शिरोरेषेपासून सारख्याच उंचीवर असतील, सांध्याशी फटही दिसत असेल, तर जुळणी डिग्रीची. मात्रा प्रत्येक अक्षराच्या अंगाप्रमाणे बसवलेली असेल, म्हणजे च आणि क वर त्यांच्या दंडाशी नीट जुळलेली आणि दंड नसलेल्या ह वर वेगळी, तर अखंड. इथेच स्कॅन फसवतं. मायक्रोफिल्मवरून केलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतीत शाई पसरून फटी बुजतात आणि डिग्रीची जुळणी अखंडासारखी दिसते. मूळ अंकाचं करड्या छटांतलं, 600 डीपीआयचं स्कॅन मिळालं तरच फटीच्या असण्या-नसण्यावर निष्कर्ष काढावा.

विसाव्या शतकातल्या अंकांत आणखी एक घोटाळा होतो. पुढे देवनागरीसाठी लायनोटाईप आणि मोनोटाईप ही मजकूर ओतून जुळवणारी यंत्रं आली. लायनोटाईपवर मात्रा शेजारच्या अक्षरावर झुकवता येत नसे, म्हणून वेलांटीचा पुढचा बाक रुंद अक्षराच्या दंडापर्यंत पोचत नाही. पण मजकूर यंत्रावर जुळवला, तरी मोठे मथळे हाताने खिळे लावून करण्याची पद्धत पुष्कळ दिवस टिकली. म्हणून मथळ्याचा टाईप खालच्या मजकुरावरून ठरवू नये.

एवढं करून ‘मुंबई वळण, हातजुळणी, डिग्री’ असं नोंदवता आलं, की ओतशाळेच्या जुन्या नमुनापुस्तकाशी ताडून पाहावं. ओतशाळेचं नाव मात्र जपून घ्यावं. तयार खिळ्यावरून विद्युत्-मुलाम्याने नवी मातृका, म्हणजे अक्षराचा साचा करता येत असे, त्यामुळे तेच अक्षर दुसऱ्या ओतशाळेतूनही बाहेर पडू शके. नमुना जुळला तरी नोंदीत ‘निर्णयसागर वळणाचा’ एवढंच लिहावं. ‘निर्णयसागरचा’ असं लिहायला त्या छापखान्याच्या टाईप-खरेदीचा कागद हवा.