पनीर ग्रेव्हीत रबरासारखं का होतं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. भाजीतला पनीरचा तुकडा दाबला की पुन्हा फुगतो, चावताना दाताखाली करकरतो, म्हणून ते प्लास्टिकचं, असा दावा. भेसळीचं पनीर बाजारात असतं, पण रबरीपणा हा भेसळीचा पुरावा नव्हे. घरी डोळ्यांदेखत केलेलं पनीर वीस मिनिटं रश्श्यात उकळत ठेवा, तेही तसंच होईल.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसिन. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येकावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि म्हणून दूध पातळ राहतं. गरम दुधात लिंबू पिळलं की हा भार ओसरतो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. पाणी आणि स्निग्धांश या जाळ्यात अडकतात. पनीरचं साधारण निम्मं वजन पाण्याचंच असतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. केसिनच्या रेणूचे काही भाग पाण्यापासून दूर पळणारे असतात, आणि पाणी टाळायचं तर ते एकमेकांनाच बिलगतात. गंमत अशी की तापमान वाढलं की ही बिलगण सैल होत नाही, उलट घट्ट होते. शिवाय दूध उकळतानाच निवळीतली प्रथिनं केसिनला जोडली गेलेली असतात. म्हणून मोझरेला वितळतं, पनीर वितळत नाही. ते तापत राहिलं की जाळं आवळत जातं, आतलं पाणी बाहेर पिळून निघतं आणि उरतो तो चिवट तुकडा. तळताना हे फार झपाट्याने होतं. जाळ्याच्या धाग्यांमध्ये बसलेले स्निग्धांशाचे थेंब त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणूनच साय काढलेल्या दुधाचं पनीर लवकर चिवट होतं.

थोडक्यात, मऊपणाची निम्मी लढाई पनीर करतानाच जिंकायची असते. एक लिटर फुल क्रीम दूध उकळून गॅस बंद करा आणि पाचेक मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. निवळी हिरवट आणि स्वच्छ दिसली की हात थांबवा, मग रस उरला तरी चालेल. आंबटपणा जास्त झाला तर जाळं बांधून ठेवणारं कॅल्शियम निवळीत उतरतं आणि पनीर भुसभुशीत होतं. कपड्यात बांधून थंड पाण्यातून काढा आणि दोनेक किलोच्या वजनाखाली अर्धा तास ठेवा. रात्रभर दाबून ठेवलं तर पाणी तिथेच निघून जातं. या हिशोबाने साधारण दोनशे ग्रॅम पनीर मिळतं.

लगेच वापरायचं नसेल तर अख्खी वडी झाकणाच्या डब्यात, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. हवा न मिळाल्याने बुरशी धरत नाही आणि वडी सुकत नाही. जिवाणू मात्र पाण्यातही वाढतात आणि पनीरमधून उतरणारी दुधातली साखर त्यांना खाऊ पुरवते, म्हणून पाणी रोज बदलायचं. अर्धा लिटर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घातलं तर जिवाणूंना आणखी आळा बसतो. घरच्या पनीरला मी चार दिवस देते, त्यापुढे नाही. बोटाला बुळबुळीत लागलं, पिवळसर दिसलं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. ‘तळलं की चालतं’ हा समज घातक आहे, कारण काही जिवाणूंचं विष उकळूनही नष्ट होत नाही. जास्त दिवस ठेवायचं तर फ्रीझर आहेच, पण बर्फाचे स्फटिक जाळं फाडतात. तसं पनीर भुर्जीला ठेवा.

फ्रिजमधून काढलेलं पनीर कडक लागतं, कारण त्यातला स्निग्धांश गोठलेला असतो. ते थेट उकळत्या रश्श्यात टाकलं तर आत ऊब पोचेपर्यंत बाहेरची बाजू आवळलेली असते. म्हणून तुकडे करून आधी दहा मिनिटं हाताला सोसेल इतक्या गरम मिठाच्या पाण्यात भिजवा. तळायचेच असतील तर कडा जेमतेम बदामी होऊ द्या आणि तव्यावरून थेट याच पाण्यात सोडा, गेलेलं पाणी ते बरंचसं परत शोषून घेतात. ग्रेव्ही पूर्ण शिजली, तेल सुटलं, की पनीर घालून गॅस बंद करा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मसाला मुरावा म्हणून पनीर उकळत ठेवायची गरज नाही. मसाल्याची चव तुकड्याच्या आत फारशी शिरतच नाही, ती बाहेरून लपेटलेल्या रश्श्यात असते.

हीच भाजी दुसऱ्या दिवशी गरम करताना तुकडे बाजूला काढा, रस्सा एकटाच खळखळून उकळा आणि खाली उतरवून मग तुकडे त्यात सोडा.