१०५४ ची फूट : बेखमीर भाकर, दक्षिण इटली आणि अधिकाराचा प्रश्न

१६ जुलै १०५४, शनिवार. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमध्ये उपासना सुरू होण्याच्या बेतात असताना पोपचे तीन प्रतिनिधी आत शिरले आणि त्यांनी मुख्य वेदीवर एक बहिष्कारपत्र ठेवले. ‘देव पाहील आणि न्याय करील’ असे म्हणून ते बाहेर पडले. दारात त्यांनी पायांची धूळ झटकली. एक कनिष्ठ सेवक तो कागद घेऊन त्यांच्यामागे धावला आणि परत घ्या म्हणून विनवू लागला. त्यांनी घेतला नाही, आणि कागद रस्त्यावर पडला.

पश्चिमेकडची लॅटिन चर्च आणि पूर्वेकडची ग्रीक चर्च यांच्यातल्या या फुटीचे कारण शालेय पुस्तकांत एका ओळीत सांगितलेले असते. विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरीव कबुलीत, पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो असे मूळ शब्द होते, पश्चिमेने त्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली आणि त्यावरून फाटले. तो वाद खरा होता आणि ९ व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख, फोटिओस याच्या काळात चांगलाच पेटलाही होता. पण १०५४ च्या त्या बहिष्कारपत्रात हा मुद्दा उलटा लिहिलेला आहे. ग्रीकांनी हे शब्द मूळ मजकुरातून गाळले, असा त्यांच्यावर आरोप आहे! शेकडो वर्षे याच मुद्द्यावर झुंजणाऱ्या माणसांकडून अशी चूक होत नाही. त्या वर्षी भांडण दुसऱ्याच गोष्टींवरून पेटले होते, आणि त्यांतली सर्वांत पुढची गोष्ट होती भाकर.

वसईत किंवा गोव्यात मिस्साला गेलेल्यांनी पाहिले असेल, ख्रिस्तप्रसादाची भाकर म्हणजे पांढरी, पातळ, गोल चकती असते. तिच्यात खमीर नसते. लॅटिन परंपरेची ही पद्धत पश्चिमेत साधारण ९ व्या शतकापासून रुजत गेली. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चमध्ये तेव्हाही फुगलेली, खमीर घातलेली भाकर वापरत, आजही वापरतात. ग्रीकांच्या लेखी बेखमीर भाकर ही मोशेच्या नियमशास्त्राकडे परत जाणे होते. ख्रिस्ताने नवा करार केल्यावर वल्हांडण या ज्यू सणाची जुनी भाकर वेदीवर ठेवायची म्हणजे तो करार नाकारायचा, आणि शिवाय खमीर नसलेली भाकर म्हणजे जीव नसलेली भाकर, अशी त्यांची भूमिका. शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते, असे मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ते वल्हांडणाच्या आदल्या दिवशी येते. लॅटिनांनी पहिल्या तिघांचा आधार घेतला, ग्रीकांनी योहानाचा.

पण दोन्ही पद्धती कित्येक पिढ्या शेजारी-शेजारी नांदल्या होत्या. त्या आताच कशा खुपू लागल्या? याचे एक कारण रोममध्ये नव्हतेच, ते आर्मेनियात होते. कॉन्स्टँटिनोपल ज्याची राजधानी होती त्या बायझंटाइन साम्राज्याने १०४५ मध्ये आर्मेनियन राजधानी आनी घेतली आणि कितीतरी आर्मेनियन लोक साम्राज्याचे प्रजाजन झाले. त्यांची चर्च ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेचे निर्णय मानत नव्हती आणि बेखमीर भाकर वापरत होती. त्यांना ‘शुद्ध’ करण्याच्या प्रयत्नांत ग्रीक पंडितांनी बेखमीर भाकरीविरुद्धचे युक्तिवाद पाजळून ठेवले होते. मग लॅटिनांची भाकर त्यांच्या डोळ्यांत भरली. (केरळातले जुने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पुढे ज्या सिरियन परंपरेशी जोडले गेले, तीही खाल्सेदोनपाशीच वेगळी झालेली आहे. त्यांचा १०५४ शी संबंध लावू नये.)

दुसरे कारण दक्षिण इटलीत होते, आणि माझ्या मते त्या वर्षीच्या घटनांची किल्ली तिथेच आहे. बारी हे बायझंटाइन इटलीचे मुख्य ठाणे. त्या प्रांतात ग्रीक रीतीची आणि लॅटिन रीतीची गावे एकमेकांत मिसळलेली. ८ व्या शतकात, मूर्तिपूजेवरून रोमशी बिनसले तेव्हा, सम्राटाने दक्षिण इटली, सिसिली आणि बाल्कनमधला इलिरिकम हे भाग पोपच्या अखत्यारीतून काढून कॉन्स्टँटिनोपलला जोडले होते. रोमने ते कधीच मनापासून मान्य केले नाही. ११ व्या शतकात तिथे नॉर्मन आले. आधी भाडोत्री सैनिक म्हणून आले, मग गावेच बळकावू लागले. त्यामुळे पोप आणि सम्राट या दोघांनाही एकच शत्रू मिळाला आणि दोघे जवळ येऊ लागले.

इथे आर्गिरोसचे नाव येते. बारीचा हा सरदार लॅटिन रीतीचा होता. त्याच्या बापाने, मेलोसने, बायझंटाइन सत्तेविरुद्ध बंड केले होते. तरीही १०५१ मध्ये सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याने त्यालाच इटलीचा कारभारी नेमले. पोपशी युती करायची, तर असाच माणूस हवा होता. कॉन्स्टँटिनोपलचा तेव्हाचा पॅट्रिआर्क मायकेल किरुलारिओस याला तो डोळ्यांसमोर नको होता. आर्गिरोस राजधानीत असताना बेखमीर भाकरीवरून दोघांचे वाद झाले, आणि आपण त्याला अनेकदा ख्रिस्तप्रसाद नाकारला, असे पॅट्रिआर्कने नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. पोपशी युती झाली, तर इटलीतल्या ग्रीक चर्च हातच्या जातील, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. १०५० मध्ये पोप नववा लिओ दक्षिणेत धर्मसभा भरवून तिथल्या बिशपांचे हिशेब तपासत होता.

ठिणगी पडली १०५३ मध्ये. ओख्रिदचा आर्चबिशप लिओ पूर्वी हागिया सोफियाच्या सेवेत होता. त्याने दक्षिण इटलीतल्या त्रानीच्या लॅटिन बिशपला पत्र लिहून बेखमीर भाकर, शनिवारचा उपवास आणि असल्याच काही रूढींवर कडक टीका केली. या पत्रात ‘आणि पुत्रापासून’ हा मुद्दा कुठेही नाही. पत्र कार्डिनल हंबर्टच्या हाती पडले. त्याने ते लॅटिनमध्ये उतरवून पोपपुढे ठेवले. कॉन्स्टँटिनोपलमधल्या लॅटिन चर्च बंद करण्यात आल्या, अशी तक्रारही रोमला पोचली होती.

तोवर पोप लिओचे नशीब फिरले होते. १८ जून १०५३ रोजी चिवितातेजवळ नॉर्मनांनी त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि त्याला बेनेवेंतोत अडकवून ठेवले. सम्राटाशी युतीची गरज त्याला आता पूर्वीपेक्षा जास्त होती, आणि सम्राटालाही. तरीही त्याने पाठवलेल्या शिष्टमंडळाचा म्होरक्या होता हंबर्ट. सोबत लोरेनचा फ्रेडरिक, जो पुढे पोप झाला, आणि अमाल्फीचा आर्चबिशप पीटर.

हंबर्ट हा रोममधल्या नव्या सुधारकांपैकी. आल्प्सपलीकडून आलेल्या या सुधारकांना पाद्र्यांची लग्ने आणि पैसे मोजून मिळवलेली धर्मपदे मोडून काढायची होती, आणि त्यासाठी पोपचा शब्द सर्वत्र अखेरचा हवा होता. हा कार्यक्रम मुळात पश्चिमेतल्या भ्रष्टाचारासाठी आखलेला. पण तो पूर्वेला लावला की प्रत्येक वेगळी रूढी गुन्हा ठरत होती. पूर्वेकडे लग्न झालेल्या माणसाला पाद्री होता येत होते, हे ६९२ च्या परिषदेने ठरवून दिले होते. हंबर्टच्या लेखी तो पाखंड. शिवाय रोमच्या पत्रांत ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ पुरावा म्हणून पुढे केले होते. पहिल्या कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली आणि इतर पॅट्रिआर्कांवरही त्याला वरिष्ठ मानले, असे त्यात म्हटले होते. ते बनावट होते, हे १५ व्या शतकात लोरेंझो वाल्लाने सिद्ध केले. हंबर्टला ते खरेच वाटत असावे.

पूर्वेचे गणित वेगळे होते. रोमला पहिला मान द्यायला त्यांची हरकत नव्हती. ३८१ च्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला ‘नवे रोम’ म्हणून दुसरा मान दिला होता आणि ४५१ मध्ये तो आणखी भक्कम झाला. पण मान वेगळा आणि हुकूम वेगळा. धर्माचे निर्णय परिषद घेते, पोप एकटा घेत नाही, अशी त्यांची धारणा. किरुलारिओसने पोपला पत्रात पित्याऐवजी भाऊ म्हटले, तर रोमला ते झोंबले. किरुलारिओसही काही साधा माणूस नव्हता. तरुणपणी तो सम्राटाविरुद्धच्या कटात सापडला होता, आणि पुढे त्याने सम्राटांचा जांभळा जोडा पायात घातला, अशी नोंद आहे.

प्रतिनिधी आले तेव्हा त्याने त्यांना टाळायचे धोरण ठेवले. हंबर्टने स्तुडिओस मठाच्या निकेतास या संन्याशाशी वाद घातला. सम्राटाने दडपण आणून निकेतासला बेखमीर भाकरीवरचा ग्रंथ मागे घ्यायला लावला आणि तो जाळण्यात आला. पॅट्रिआर्क मात्र भेटेचना. त्यात १९ एप्रिलला पोप लिओ वारला. ज्याच्या नावाने हे प्रतिनिधी बोलत होते तोच नव्हता, आणि नवा पोप अजून निवडलेला नव्हता. हंबर्टने तरीही बहिष्कारपत्र लिहिले. त्यात सम्राटाची आणि शहराची स्तुती आहे. बहिष्कार फक्त मायकेल, ओख्रिदचा लिओ आणि त्यांच्या अनुयायांवर होता. शहरात दंगा उसळला, सम्राटाने माघार घेतली, आणि २४ जुलैला पॅट्रिआर्कच्या धर्मसभेने उलट बहिष्कार घातला. तोही पोपवर नव्हे, त्या पत्राच्या कर्त्यांवर. हे लोक खरे पोपचे नव्हेत, आर्गिरोसने पढवून पाठवलेले आहेत, असेही त्यांच्या निवेदनात आहे.

त्यामुळे १०५४ मध्ये दोन चर्चनी एकमेकींना सोडले, असे म्हणणे फार ताणल्यासारखे होते. अँटिओकचा पॅट्रिआर्क तिसरा पीटर याने तेव्हाच किरुलारिओसला समजावले होते : विश्वासांगीकारातली भर गंभीर आहे, पण दाढ्या आणि भाकरी यांवरून भांडू नका, लॅटिन आपले भाऊच आहेत. १०८९ मध्ये पोप दुसरा अर्बन याने विचारणा केली, की कॉन्स्टँटिनोपलच्या प्रार्थनेत पोपचे नाव का घेतले जात नाही. सम्राट पहिल्या अलेक्सिओसने दफ्तर शोधायला लावले. रोमशी संबंध तोडल्याचा एकही लेखी निर्णय धर्मसभेला सापडला नाही. पोपने आपल्या विश्वासाचे पत्र पाठवावे, म्हणजे नाव पुन्हा घेऊ, असे कळवण्यात आले.

तोवर इटलीतले राजकारण उलटे झाले होते. १०५९ मध्ये मेल्फी येथे पोप दुसरा निकोलस याने नॉर्मन म्होरक्या रॉबर्ट गिस्कार याला आपला मांडलिक करून घेतले आणि अपुलिया, कालाब्रिया व अजून जिंकायची असलेली सिसिली त्याच्या पदरात टाकली. म्हणजे ज्या शत्रूविरुद्ध युती होणार होती, तोच आता पोपचा दोस्त झाला. १०७१ मध्ये गिस्कारने बारी घेतले आणि इटलीतली बायझंटाइन सत्ता संपली. दहाच वर्षांत तो ॲड्रिॲटिक ओलांडून साम्राज्यावर चालून गेला.

सामान्य भाविकाला फूट पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती बहुधा सिरियात. १०९८ मध्ये पहिल्या धर्मयुद्धातल्या फौजांनी अँटिओक घेतले. ग्रीक पॅट्रिआर्क जॉनला त्यांनी आधी मानाने त्याच्या जागी बसवले. पण शहराचा ताबा होता गिस्कारच्याच मुलाकडे, बोहेमंडकडे. सम्राटाचा माणूस म्हणून जॉनकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दोनच वर्षांत तो शहर सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि त्याच्या जागी बर्नार्ड नावाचा लॅटिन पॅट्रिआर्क बसला. तिथून पुढे अँटिओकला एकाच वेळी दोन पॅट्रिआर्क होते, एक शहरात आणि एक कॉन्स्टँटिनोपलमध्ये.